करडी, गोडेतेल, सोयाबीन आणि पामोलिन: स्वयंपाकघरातल्या तेलाचा हिशेब कसा मांडायचा

मराठवाड्यात तेलाचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो. आजी म्हणते करडीच्या तेलासारखं तेल नाही, सून सोयाबीनचा पाउच आणते, आणि घरातलं कुणीतरी हल्ली लाकडी घाण्याच्या गोडेतेलावर अडून बसलेलं असतं. तिघांचीही बाजू थोडी थोडी खरी आहे. पण संतृप्त फॅटच्या दृष्टीनं पाहिलं तर या तीन तेलांतला फरक लहान आहे. मोठा फरक पडतो तो दिवाळीला आणलेल्या पामोलिनच्या पाउचमुळे, फरसाणाच्या पुड्यामुळे आणि दुधातुपामुळे, आणि वादात या तिन्हींचं नावसुद्धा निघत नाही. म्हणून आधी हिशेब मांडायचा आणि मग काय बदलायचं ते ठरवायचं.

संतृप्त म्हणजे काय, आणि त्याचं वाकडं काय आहे

कुठल्याही तेलात किंवा तुपात फॅटी ॲसिडच्या लांब साखळ्या असतात. साखळी सरळ असली तर ती संतृप्त. अशा साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीनं बसतात, म्हणून तूप आणि खोबरेल थंडीत घट्ट होतं. साखळीत एक किंवा अनेक ठिकाणी दुहेरी बंध असला की तिला बाक येतो, साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहतं. हे असंतृप्त फॅट. एकच बाक असलेल्याला पाकिटावर ‘मुफा’ म्हणतात, अनेक बाक असलेल्याला ‘पुफा’. प्रत्येक तेलात हे तिन्ही प्रकार असतात, फक्त प्रमाण वेगळं.

एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत थर धरून हृदयाला धोका वाढवणारं कोलेस्टेरॉल. रक्तातलं हे एलडीएल उचलून घ्यायचं काम मुख्यतः यकृत करतं. आहारात संतृप्त फॅट जास्त झालं की यकृताची ही उचल मंदावते आणि एलडीएल रक्तात साचून राहतं. त्याच जागी असंतृप्त फॅट, विशेषतः पुफा, आलं तर एलडीएल उतरतं. यात ‘त्याच जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तूप बंद केलं आणि चहाबरोबर चार बिस्किटं वाढवली तर हाती काही लागत नाही, कारण तुपाची जागा मैदा, साखर आणि बिस्किटातल्या पाम तेलानं घेतलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संतृप्त फॅटमधून येणारे उष्मांक 10 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे 22 ग्रॅम होते. हा आकडा लक्षात असू द्या.

कुठल्या तेलात किती

पुढचे आकडे 100 ग्रॅममागे आहेत आणि ढोबळ आहेत. बियाण्याचा वाण आणि हंगाम यांप्रमाणे ते एखाद-दोन ग्रॅमनं इकडेतिकडे होतात.

| तेल किंवा तूप | संतृप्त फॅट (ग्रॅम) | उरलेल्यात जास्त काय |
|---|---|---|
| करडी | 8 ते 10 | पुफा |
| सूर्यफूल | 10 ते 12 | पुफा |
| सोयाबीन | 15 ते 16 | पुफा |
| गोडेतेल (शेंगदाणा) | 17 ते 18 | मुफा |
| सरकी | 26 | पुफा |
| पामोलिन | 40 ते 45 | मुफा |
| साजूक तूप | 60 ते 65 | मुफा |
| खोबरेल | 82 ते 87 | थोडा मुफा |

करडीपासून गोडेतेलापर्यंतची चार तेलं एका गटातली. सरकी मध्ये. पामोलिनपासून पुढचं सगळं दुसऱ्या गटातलं. घरात बदल करायचा तर दुसऱ्या गटाकडून पहिल्या गटाकडे जायला हवं. पहिल्याच गटात हे सोडून ते धरण्यात फारसं काही मिळत नाही.

पहिली पायरी: महिन्याचा हिशेब

एका दिवसाच्या स्वयंपाकावरून काही कळत नाही, कारण आज भजी तर उद्या वरण-भात. महिन्याची किराणा यादी घ्या. पाउचवर 1 लिटर लिहिलेलं असलं तरी त्यात तेल साधारण 910 ग्रॅम असतं, तेवढं वजन धरा.

लातूरमधलं चार माणसांचं एक घर धरू. महिन्याला 3 लिटर सोयाबीन तेल लागतं. पुऱ्या, भजी, पापड, कुरडया तळायला 1 लिटर पामोलिन येतं, ‘तळणाला स्वस्तातलं चालतं’ म्हणून. रोज 1 लिटर म्हशीचं दूध येतं आणि त्याच्या सायीचं महिन्याला अर्धा किलो तूप निघतं.

सोयाबीन 2730 ग्रॅम, त्यात संतृप्त साधारण 410. पामोलिन 910 ग्रॅम, त्यात साधारण 380. तूप 500 ग्रॅम, त्यात साधारण 310. एकूण 1100 ग्रॅम. चार माणसं आणि तीस दिवस, म्हणजे 120 नं भागा. माणशी रोज 9 ग्रॅमच्या थोडं वर.

एक लिटर पामोलिननं जवळजवळ तीन लिटर सोयाबीनइतकं संतृप्त फॅट घरात आणलंय, हे यातून दिसतं.

आता दूध. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे 65 ग्रॅम फॅट धरलं तर महिन्याला 1950 ग्रॅम होतं. त्यातलं 500 तुपात गेलं, ते वर मोजून झालंय, दुसऱ्यांदा धरायचं नाही. उरलेलं 1450 ग्रॅम चहा, दही, ताक आणि कपातल्या दुधातून पोटात जातं. दुधाच्या फॅटचा जवळपास दोन-तृतीयांश भाग संतृप्त असतो. म्हणजे माणशी रोज आणखी 7 ते 8 ग्रॅम.

दोन्ही मिळून 17 च्या आसपास. शेंगदाण्याचा कूट, सुकं खोबरं, बाहेरचा नाश्ता आणि मटण हे अजून धरलेलंच नाही. मर्यादा 22. घर अगदी वाया गेलेलं नाही, पण रोज मूठभर फरसाण आणि दोन खाऱ्या खाणारा माणूस याच घरात मर्यादेच्या पलीकडे सहज जातो.

दुसरी पायरी: पामोलिनला दार बंद

लातूरच्या त्या घरानं तळणासाठी 1 लिटर पामोलिनऐवजी 1 लिटर गोडेतेल आणलं तर महिन्याचं संतृप्त फॅट सुमारे 225 ग्रॅमनं उतरतं. माणशी रोज जवळपास 2 ग्रॅम. याउलट पामोलिन तसंच ठेवून 3 लिटर सोयाबीनपैकी 1 लिटर करडीवर नेलं, तर माणशी रोज अर्धा ग्रॅमसुद्धा वाचत नाही. करडीचं तेल चांगलंच आहे, पण ते आणल्यानं पामोलिनची भरपाई होत नाही.

तळणाला शेंगदाणा तेल महाग पडतं, ही अडचण खरी आहे. तिच्यावर तोडगा तळणाच्या पायरीत येतोच.

पाम तेल घरात शिरतं ते बहुतेक वेळा आपलं नाव न सांगता. पाउचच्या मागची घटकांची यादी वाचायची सवय लावा. समोर सूर्यफुलाचं चित्र असलं तरी मिश्र तेल असेल तर कुठलं तेल किती टक्के हे पाकिटावर लिहिलेलं असतं. बिस्किटं, खारी, टोस्ट, शेव, चिवडा यांच्या यादीत ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ किंवा ‘पामोलिन’ बहुधा सापडतंच. परभणी, जालना, बीड हा कापसाचा पट्टा, त्यामुळे आपल्याकडे सरकीचं तेलही चालतं. संतृप्त फॅटच्या हिशेबात ते पामोलिनपेक्षा बरं, सोयाबीनपेक्षा मात्र वाईट.

वनस्पती तुपाचं वेगळं सांगायला हवं. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. चांगली गोष्ट झाली, कारण ट्रान्स फॅट हे संतृप्तपेक्षाही वाईट. पण वनस्पती तूप घट्ट राहायला काहीतरी घट्ट फॅट लागतंच आणि ती जागा बरीचशी पामच्या संतृप्त फॅटनं भरून निघते. म्हणून ‘ट्रान्स फॅट शून्य’ वाचून डबा उचलू नका, शेजारची ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ वाचा. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ ही ओळ तर सोडूनच द्या. वनस्पतीपासून निघणाऱ्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, पामोलिनमध्येही नाही.

सुटं तेल घेऊ नका. त्यावर ना घटक लिहिलेले, ना तारीख. डिसेंबरात ‘गोडेतेल’ म्हणून आणलेलं तेल स्वयंपाकघरातल्या साध्या गारठ्यातच तळाशी दाणेदार गोठायला लागलं, तर पामचा संशय घ्यायला जागा आहे. मात्र फ्रिजमध्ये ठेवून परीक्षा करू नका. शुद्ध गोडेतेलही फ्रिजमध्ये गढूळ होतं आणि घट्ट होतं.

तिसरी पायरी: कुठलं तेल कशाला

करडी हे आपल्या काळ्या रानातलं, रब्बीच्या ओलीवर येणारं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढलेत, ‘परभणी कुसुम’ हा त्यातलाच. करडीच्या तेलात संतृप्त सगळ्यात कमी आणि पुफा तब्बल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. पण हाच गुण कढईत अवगुण ठरतो. साखळीतला प्रत्येक बाक म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनला हात घालायला एक जागा. जास्त बाक असलेलं तेल तापत राहिलं की लवकर बिघडतं. करडीच्या किंवा सोयाबीनच्या तेलात वारंवार तळलं की कढईच्या काठाला घासून न निघणारा पिवळट चिकट थर बसतो, तो याच बिघाडाचा.

म्हणून करडीचं तेल कच्चं आणि हलक्या फोडणीला वापरा. भाकरीबरोबर ठेच्यावर, कारळाच्या किंवा जवसाच्या चटणीवर, वरणावर वरून सोडलेली धार: हा जुन्या घरातला वापर तेलाच्या स्वभावाला अगदी धरून आहे. रोजच्या भाजी-आमटीला सोयाबीन चालतं. करडीत जवळजवळ नसलेलं ओमेगा-3 सोयाबीनमध्ये थोडं असतं आणि जवसात भरपूर असतं. त्यामुळे करडी खाणाऱ्या घरानं जवसाची चटणी सोडू नये. तळणाला गोडेतेल. त्यातलं मुफा उष्णतेला जास्त टिकतं आणि संतृप्त पामोलिनच्या निम्म्याहून कमी आहे.

आता लाकडी घाणा. घाण्यावर ‘यात वाईट फॅट नसतंच’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. शेंगदाणा लाकडी घाण्यात पिळा, एक्स्पेलरमध्ये पिळा किंवा कारखान्यात रिफाइन करा, संतृप्त-असंतृप्तचं प्रमाण तेच राहतं, कारण ते दाण्यातच ठरलेलं असतं. घाण्याच्या तेलाला वास आणि चव टिकून राहते आणि ती मला स्वतःला फार आवडते. चवीसाठी जरूर घ्या, पण पळीभर जास्त घालायचा तो परवाना नव्हे. घाण्यावर जाल तेव्हा दाणा बघून घ्या. बुरशी आलेल्या, काळपट, कडवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. रिफाइन करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. शिवाय आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घाण्याचं तेल महिन्याला पुरेल इतकंच आणा आणि गॅसशेजारी न ठेवता अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. जुन्या अक्रोडासारखा खवट वास आला की ते तेल संपलं समजा. फोडणीत तो वास दडतो, बिघाड मात्र तसाच राहतो.

चौथी पायरी: तळण

तळण बंद करा असं सांगणारा सल्ला आषाढात आणि दिवाळीत टिकत नाही. तळण्याची पद्धत मात्र बदलता येते.

मोठ्या पसरट कढईत लिटरभर तेल ओतण्याऐवजी लहान आणि खोल कढई घ्या. चार माणसांच्या भज्यांना 300 ते 400 मिली तेल पुरतं, घाणे थोडे जास्त काढावे लागतात इतकंच. गोडेतेल महाग पडतं यावर हाच उपाय, आणि उरलेल्या तेलाचा प्रश्नही लहान होतो. तेलात पिठाचा थेंब टाका. तळाशी जाऊन लगेच वर येऊन फसफसला तर ताप बरोबर. तळाशीच रेंगाळला तर तेल थंड आहे आणि भजी तेल पिणार. तेलातून धूर निघाला तर आच जास्त झाली, कढई उतरवून थोडं निवू द्या. पीठ झटकून टाका, कारण सुटं पीठ तेलात जळतं आणि तेल लवकर काळं होतं.

उरलेलं तेल निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरून संपवा. पुन्हा तळायला घेऊ नका आणि त्यात नवं तेल मिसळून ‘ताजं’ करू नका, बिघडलेलं तेल नव्याला लवकर बिघडवतं. तेल दाट झालं, गडद झालं, तळताना बारीक फेस येऊन बसेनासा झाला किंवा आधीपेक्षा लवकर धुरायला लागलं, तर ते टाकायचंच. मोरीत ओतू नका, जुन्या बाटलीत भरून कचऱ्यात द्या.

चौकातल्या गाड्यावर हे कुणी करत नाही. वापरलेल्या तेलातल्या बिघाडाची सरकारी मर्यादा 2018 पासून आहे, पण गाड्यासमोर उभं राहून ती आपल्याला मोजता येत नाही. तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर तिथलं तळलेलं खाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

पाचवी पायरी: पळी मोजा

बहुतेक घरांत तेल मोजलं जात नाही, किटलीतून ओतलं जातं. औषधाच्या बाटलीवरचं मिलीच्या खुणा असलेलं टोपण धुऊन घ्या आणि आपली पळी पाण्यानं भरून किती मिली होते ते एकदा बघा. बऱ्याच पळ्या वाटतात त्यापेक्षा मोठ्या निघतात. नंतर आठवडाभर पळीनंच तेल घाला.

चार माणसांच्या सुक्या भाजीला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली, पुरे होतात. जाड बुडाची लहान कढई घ्या, तेल तापल्यावर ती जरा कलती करून मोहरी तेलात बुडू द्या, तडतडली की जिरं, मग कांदा. कांद्यावर लगेच चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेवा, कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्याच पाण्यात मऊ होतो. चिकटायला लागला तर तेल न घालता पाण्याचा हबका मारा. काळा मसाला मात्र तेलातच परता. त्याचा रंग आणि वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. येसराच्या आमटीला तवंग दिसायला हवा असेल तर तेल सुरुवातीला कमी घाला आणि शेवटी एका चमच्याची तिखटाची फोडणी वरून द्या. तवंग वरच राहतो आणि कमी तेलातही आमटी भरलेली दिसते.

लातूरच्या घरानं असं करून महिन्याला अर्धा लिटर सोयाबीन वाचवलं आणि पामोलिन सोडलं, तर तेल-तुपातलं संतृप्त फॅट माणशी 9 वरून 7 ग्रॅमच्या खाली येतं.

तूप आणि दूध

भाताच्या मुदीवर, पुरणपोळीवर, भाकरीच्या कुस्करावर चमचाभर तूप असू द्या. पाच ग्रॅम तुपात 3 ग्रॅम संतृप्त, ते हिशेबात बसतं. बसत नाही ते तुपात परतलेला शिरा, तुपाची फोडणी आणि पोळीला दोन्ही बाजूंनी लावलेलं तूप हे सगळं एकाच दिवशी. तूप जिथे जिभेला कळतं तिथे वरून घ्या, जिथे मसाल्यात हरवतं तिथे तेल वापरा.

साय काढली म्हणजे दूध हलकं झालं, हे अर्धंच खरं. सायीचं तूप घरातच खाल्लं जात असेल तर फॅट एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेलं इतकंच. मोठ्या माणसांच्या चहा-दह्यासाठी 3 टक्के फॅटचं टोन्ड दूध घेतलं तर रोजच्या पाव लिटरमागे 3 ते 5 ग्रॅम संतृप्त फॅट उतरतं. तेलाच्या वरच्या सगळ्या खटाटोपाइतकंच हे एका बदलात होतं. लहान मुलांचं दूध मात्र बदलू नका, वाढीच्या वयात त्यांना ते फॅट लागतं.

ज्यांचं एलडीएल आधीच जास्त आहे त्यांनी बदलाआधीचा रिपोर्ट जपून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावं. आहाराचा परिणाम तोवर आकड्यात दिसायला लागतो. काही जणांचं कोलेस्टेरॉल आनुवंशिक असतं आणि तेल बदलून ते फारसं हलत नाही. अशांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी तेलाच्या भरवशावर बंद करू नये.